अवस्था-प्रतिमानाचे विविक्तीकरण

अवस्था-प्रतिमानाचे विविक्तीकरण : कालाबरोबर अखंडपणे बदलणाऱ्या प्रणालीचे अवकल समीकरणांच्या रूपातील वर्णन, समान कालांतराने घेतलेल्या मूल्यांमधील बैजिक संबंधात रूपांतरित करण्याच्या क्रियेला विविक्तीकरण म्हणतात. संगणक अखंड काल जाणत नाही. तो एका क्षणाच्या मूल्यांवरून पुढील क्षणाची मूल्ये काढतो. त्यामुळे इमारतीची कंपने, भट्टीचे तापमान किंवा विद्युत् चलित्राचा वेग यांचे गणन अथवा नियंत्रण संगणकाकडून करून घ्यावयाचे असल्यास हे रूपांतर करावेच लागते. ते करण्याच्या दोन रीतींचा येथे विचार केला आहे. पहिली आव्यूहाच्या घातीय फलनावर आधारलेली व यथातथ्य आहे. दुसरी ऑयलर यांची अग्रगामी रीती आसन्न आहे. दोहोंतील फरक केवळ दशांश स्थळांचा नसतो. वस्तुतः शांत होत जाणारी प्रणाली दुसऱ्या रीतीने कागदावर बेफाम होत जाताना दिसू शकते, आणि हा दोष प्रणालीचा नसून गणिताच्या रीतीचा असतो.

अवस्था-प्रतिमान : एखाद्या प्रणालीचे पुढील वर्तन ठरविण्यास तिच्या वर्तमान स्थितीविषयी ज्या किमान राशी माहीत असाव्या लागतात त्यांना अवस्था-चल म्हणतात. स्प्रिंगला जोडलेल्या वस्तुमानाच्या बाबतीत स्थानांतर व वेग या अशा दोन राशी होत. सर्व अवस्था-चलांची स्तंभरूप मांडणी z या अक्षराने व बाहेरून येणारे आदान u ने दर्शविल्यास रेषीय प्रणालीचे समीकरण पुढीलप्रमाणे लिहिता येते :

dz/dt = A z + B u

येथे A व B हे स्थिर संख्यांचे आव्यूह (संख्यांच्या आयताकार मांडण्या) आहेत. दर T सेकंदांनी मूल्ये घ्यावयाची असल्यास आपणास हवा असलेला संबंध असा असतो :

z[k+१] = Φ z[k] + Γ u[k]

k हा कालांतरांचा अनुक्रमांक आहे. Φ व Γ हे आव्यूह A, B व T यांवरून कसे काढावयाचे, हाच विविक्तीकरणाचा प्रश्न होय.

दोन रीती : लेओनार्ड ऑयलर यांनी १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समाकलनावरील ग्रंथात दिलेली रीती अत्यंत सरळ आहे. कालांतराच्या आरंभी बदलाचा जो दर असेल तोच संपूर्ण कालांतरभर टिकतो असे तीत मानतात. त्यावरून Φ = I + AT आणि Γ = BT असे मिळते; I हा एकक आव्यूह आहे.

यथातथ्य रीतीत असे काही मानावे लागत नाही. आदान शून्य असता वरील अवकल समीकरणाचे उत्तर z(T) = e^(AT) z(०) असे आहे. यातील घातीय फलनाची व्याख्या साध्या संख्येप्रमाणेच अनंत श्रेढीने करतात :

e^(AT) = I + AT + (AT)²/२! + (AT)³/३! + …

ही श्रेढी कोणत्याही चौरस आव्यूहाकरिता अभिसारी असते. Φ म्हणून हाच आव्यूह घेतात. आदान एका कालांतरात स्थिर राहत असेल, तर त्याचा परिणाम Γ = (∫ e^(As) ds) B, समाकलनाच्या सीमा ० ते T, या आव्यूहाने अचूक मिळतो. श्रेढीचे पहिले दोनच पद ठेवून बाकीचे सोडून दिले की ऑयलर यांची रीती हाती येते. व्यवहारातील उपमा द्यावयाची तर ऑयलर रीती प्रत्येक मुदतीत सरळ व्याज आकारते, तर घातीय फलन प्रत्येक क्षणी व्याज मुद्दलात मिळवीत जाते. मुदत अगदी लहान असेल तर दोन्ही हिशेब जवळजवळ जुळतात. मुदत वाढली की ते फाकू लागतात. आंदोलन पावणाऱ्या प्रणालीत हे फाकणे कोणत्या दिशेने होते, ते पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एक उदाहरण : भूकंपाच्या वेळी जमिनीचा प्रवेग कालाबरोबर कसा बदलला याची नोंद प्रवेगलेखक या उपकरणाने करतात. ११ डिसेंबर १९६७ रोजीच्या कोयना भूकंपाची अशी नोंद कोयना धरणात बसविलेल्या उपकरणावर मिळाली होती. अशा नोंदीवरून एखाद्या बांधकामाला किती हादरा बसेल हे काढण्यासाठी बांधकामाऐवजी एक वस्तुमान, एक स्प्रिंग व एक अवमंदक यांची प्रणाली कल्पितात [⟶ भूकंप]. जमिनीच्या सापेक्ष वस्तुमानाचे स्थानांतर x, वेग v व जमिनीचा प्रवेग a असल्यास,

dx/dt = v,  dv/dt = −ω² x − २ζω v − a

येथे ω ही नैसर्गिक कोनीय कंप्रता आणि ζ हे अवमंदन-गुणोत्तर आहे. बांधकामाचा नैसर्गिक आवर्तकाल ०·२ सेकंद आणि अवमंदन ५ टक्के, म्हणजे ζ = ०·०५, घेऊ. भूकंप-अभियांत्रिकीत ५ टक्के अवमंदन नेहमी वापरले जाते. मग ω = ३१·४१६ रेडियन प्रतिसेकंद येते. नोंदीतील मूल्ये दर ०·०२ सेकंदाला दिलेली आहेत, म्हणजे एका आवर्तनात दहा मूल्ये मिळतात, असे समजू.

ऑयलर रीतीने पुढील समीकरणे मिळतात :

x[k+१] = x[k] + ०·०२ v[k]
v[k+१] = −१९·७४ x[k] + ०·९३७२ v[k] − ०·०२ a[k]

घातीय फलनाच्या रीतीने मिळणारी समीकरणे अशी :

x[k+१] = ०·८१२९ x[k] + ०·०१८१३ v[k] − ०·०००१८९५ a[k]
v[k+१] = −१७·९० x[k] + ०·७५६० v[k] − ०·०१८१३ a[k]

दोन्ही जोड्यांत गुणाकार-बेरजेचे श्रम जवळजवळ सारखेच आहेत. Φ व Γ एकदाच काढावयाचे असल्याने यथातथ्य रीती प्रत्येक पावलाला महाग पडत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता जमीन स्थिर आहे (a = ०) असे मानून वस्तुमान १० मिमी. बाजूला ओढून सोडून देऊ. ०·०२ सेकंदानंतर यथातथ्य समीकरणे ८·१३ मिमी. हे स्थानांतर देतात. ऑयलर रीतीत मात्र वस्तुमान पहिल्या पावलात जागचे हलतच नाही, कारण आरंभी वेग शून्य होता व तोच पावलाभर टिकला असे मानले आहे. दुसऱ्या पावलाअखेर खरे स्थानांतर ३·३६ मिमी., तर ऑयलर रीतीचे ६·०५ मिमी. आहे. एक आवर्तन पूर्ण झाल्यावर, म्हणजे ०·२ सेकंदानंतर, वस्तुमान खरोखर ७·३० मिमी. अंतरावर असते, ऑयलर रीती ३५ मिमी. सांगते. एका सेकंदानंतर खरे स्थानांतर २·०७ मिमी. पर्यंत उतरलेले असते. ऑयलर रीतीचे उत्तर त्या वेळी विरुद्ध बाजूस सु. ११·८ मीटर असे येते. एक सेंटिमीटर ओढून सोडलेले बांधकाम सेकंदभरात बारा मीटर झुलले, असा हा निष्कर्ष आहे.

दोषाचे कारण : अवमंदन नसलेल्या आंदोलकाची अवस्था x व v/ω या अक्षांवर रेखाटली, तर बिंदू एका वर्तुळावर फिरत राहतो. ऑयलर रीती प्रत्येक पावलाला त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून जाते; स्पर्शरेषेवरील बिंदू नेहमी वर्तुळाबाहेरच असतो. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक बिंदू थोडा बाहेर सरकतो आणि प्रणालीत नसलेली ऊर्जा हिशेबात शिरते. अवमंदन बिंदूला आत ओढते. या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरतो यावर उत्तर विरेल की वाढेल हे ठरते.

हीच गोष्ट आव्यूहाच्या लाक्षणिक मूल्यांवरून नेमकी मांडता येते [⟶ आव्यूह सिद्धांत]. A चे लाक्षणिक मूल्य s असेल, तर यथातथ्य Φ चे लाक्षणिक मूल्य e^(sT) आणि ऑयलर रीतीच्या Φ चे १ + sT असते. आंदोलन विरत जाण्यासाठी या मूल्याचे मापांक १ पेक्षा कमी असावे लागते. s चा सत् भाग ऋण असेल, तर T कितीही मोठा असला तरी e^(sT) चे मापांक १ पेक्षा कमीच राहते. म्हणजे स्थिर प्रणालीचे यथातथ्य प्रतिमानही नेहमी स्थिरच असते. १ + sT बद्दल अशी हमी नाही. वरील उदाहरणात त्याचे मापांक १·१५४ येते, तर खरे मूल्य ०·९६९ आहे. दर पावलाला ३ टक्क्यांनी घटावयाचा विस्तार १५ टक्क्यांनी वाढतो आणि पन्नास पावलांत तो सु. १,२९५ पट होतो. आंदोलकाकरिता ऑयलर रीती स्थिर राहण्याची अट T < २ζ/ω अशी आहे. येथे ती मर्यादा ०·००३२ सेकंद येते. अवमंदन शून्य असल्यास कोणतेही कालांतर पुरेसे लहान ठरत नाही.

स्थिर पण चुकीचे उत्तर : उत्तर मीटरमध्ये गेले की चूक डोळ्यांत भरते; म्हणून ती फारशी धोक्याची नसते. खरा धोका कालांतर मर्यादेच्या थोडे आत आणले असता संभवतो. वरील उदाहरणात T = ०·००२ सेकंद घेतले, तर ऑयलर रीतीचे आंदोलन व्यवस्थित विरताना दिसते व आलेखात काही वावगे आढळत नाही. परंतु एका सेकंदानंतर विस्तार मूळच्या ०·५६ पट राहतो. वास्तविक तो ०·२१ पट असावयास हवा. ५ टक्के अवमंदनाच्या बांधकामाऐवजी सु. १·९ टक्के अवमंदनाच्या भलत्याच बांधकामाचे गणित आपण सोडविलेले असते. जमिनीचे कंपन बांधकामाच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळून दीर्घकाळ चालू राहिले, तर प्रतिसादाचे विवर्धन सु. १/(२ζ) इतके होते. म्हणजे खऱ्या बांधकामात ते १० पट, तर या गणितात जवळजवळ २७ पट येईल.

लहान कालांतराकरिता हा परिणाम एका सोप्या सूत्राने सांगता येतो : ऑयलर रीती अवमंदन-गुणोत्तर ζ ऐवजी सु. ζ − ωT/२ इतके करून टाकते. अवमंदनातील चूक त्याच्या विसाव्या भागापेक्षा अधिक नको असेल, तर या सूत्रानुसार आपल्या उदाहरणात T ०·०००१६ सेकंदांहून लहान असावे लागेल, म्हणजे सेकंदाला सहा हजारांहून अधिक पावले घ्यावी लागतील. यथातथ्य रीतीत पन्नास पावलांत काम भागते.

नियंत्रण प्रणालीच्या अभिकल्पातही हीच अडचण येते. ऑयलर प्रतिमान अवमंदन कमी दाखवीत असल्याने त्यावरून ठरविलेला नियंत्रक अनावश्यक जोर लावतो. आणि प्रतिमान अस्थिर असेल, तर जे मुळात शांत होते तेच स्थिर करण्याचा खटाटोप तो करतो.

चूक ओळखण्याच्या कसोट्या : स्थिर आदानाखाली प्रणाली शेवटी कोठे स्थिरावते ते तपासण्याची सवय पुष्कळांना असते. येथे ती कसोटी निरुपयोगी आहे. ऑयलर व यथातथ्य या दोन्ही प्रतिमानांचे समतोल-मूल्य नेमके एकच येते, कारण बदलाचा दर शून्य झाल्यावर पाऊल लहान की मोठे हा प्रश्नच उरत नाही. दोष मार्गात असतो, मुक्कामात नसतो.

अधिक उपयुक्त कसोटी निर्धारकाची आहे. यथातथ्य Φ चा निर्धारक e च्या घातांकात T व A च्या मुख्य कर्णावरील घटकांची बेरीज यांचा गुणाकार घेऊन मिळतो. वरील उदाहरणात ही बेरीज −३·१४१६ आहे; म्हणून निर्धारक ०·९३९१ असावयास हवा. यथातथ्य समीकरणांतील चार गुणकांवरून तो तेवढाच येतो. ऑयलर समीकरणांवरून १·३३२० येतो. दुसरी कसोटी अशी की, अर्ध्या कालांतराचा Φ स्वतःशी गुणल्यास पूर्ण कालांतराचा Φ मिळाला पाहिजे. e^(AT) ही अट पूर्णतः पाळते, तर ऑयलर रीतीत (AT)²/४ इतका फरक उरतो.

घातीय आव्यूहाचे गणन : श्रेढी सर्वत्र अभिसारी असली, तरी ती जशीच्या तशी बेरीज करण्यास नेहमीच योग्य नसते. प्रणालीचा एखादा घटक फार वेगाने विरणारा असेल व sT चे मूल्य −२० असेल, तर e^(−२०) हे उत्तर सु. २ × १०⁻⁹ आहे. परंतु श्रेढीतील मोठी पदे सु. ४·३ × १०⁷ पर्यंत जातात व एकमेकांना छेदतात. सोळा सार्थ अंकांच्या संगणकावर या छेदण्यात उत्तर पूर्णपणे हरवते. क्लीव्ह मोलर व चार्ल्स व्हॅन लोन यांनी १९७८ मध्ये घातीय आव्यूह काढण्याच्या एकोणीस रीतींचे परीक्षण करून त्या सर्वांनाच काही ना काही उणिवा असल्याचे दाखविले. २००३ मध्ये त्यांनी या परीक्षणाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. व्यवहारात सामान्यतः T ला २ च्या एखाद्या घाताने भागून लहान आव्यूहाचे घातीय फलन बैजिक अपूर्णांकाच्या साहाय्याने काढतात व मग ते तितक्या वेळा वर्ग करून मूळ कालांतरापर्यंत आणतात.

Γ काढण्यासाठी A चा व्यस्त आव्यूह वापरण्याचे सूत्र काही वेळा दिले जाते. मुक्तपणे फिरणाऱ्या दंडासारख्या प्रणालीत A ला व्यस्तच नसतो व ते सूत्र निकामी होते. अशा वेळी A व B शेजारी ठेवून त्यांच्याखाली शून्यांच्या ओळी भरतात आणि या मोठ्या चौरस आव्यूहाचे T कालांतराकरिता घातीय फलन काढतात. त्याच्या वरच्या भागात Φ व Γ दोन्ही एकदम मिळतात.

यथातथ्यतेच्या मर्यादा : या रीतीला यथातथ्य म्हणतात ते एका अटीवर : दोन क्षणांमधील आदान आपण मानले तसेच असले पाहिजे. संगणकाचा आदेश पुढील आदेशापर्यंत धरून ठेवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेत आदान खरोखरच पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. त्यामुळे तेथे हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. जमिनीचा प्रवेग तसा बदलत नाही. तो पायऱ्यांचा मानल्यास आदान सरासरीने अर्ध्या कालांतराने मागे पडते. म्हणून एन. सी. निगम व पॉल जेनिंग्ज यांनी १९६९ मध्ये दोन नोंदींमध्ये प्रवेग सरळ रेषेत बदलतो असे मानून यथातथ्य समीकरणे दिली. त्यांत Φ तोच राहतो; फक्त a[k] च्या जोडीला a[k+१] चेही गुणक येतात. अशा गणनात उरणारी चूक नोंदीच्या आदानापुरती राहते. बांधकामाच्या गुणधर्मांत ती शिरत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, मिळणारी मूल्ये त्या त्या क्षणी बरोबर असली, तरी मधल्या काळाविषयी ती काही सांगत नाहीत. एका आवर्तनात दहाच मूल्ये घेतल्यास शिखर दोन मूल्यांच्या मधोमध येऊन सु. ५ टक्के कमी नोंदले जाऊ शकते. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तीव्र हादऱ्यात बांधकामाला तडे गेले, तर स्प्रिंगची ताठरता बदलते, A स्थिर राहत नाही व एकदा काढलेला Φ पुढे चालत नाही. अशा अरेषीय प्रश्नांत पावलागणिक दराचा अंदाज घेणाऱ्या रीतींकडे वळावे लागते आणि ऑयलर रीती ही त्यांतील सर्वांत साधी होय. तेथेही आंदोलनाच्या बाबतीत ती क्वचितच पुरेशी पडते. मात्र आंदोलन न पावता हळूहळू स्थिरावणाऱ्या प्रणालीत, उदा., तापण्यास बराच वेळ घेणाऱ्या पाण्याच्या टाकीत, कालांतर प्रणालीच्या कालांकाच्या शंभराव्या भागाइतके असल्यास ऑयलर रीतीने येणारी चूक व्यवहारात नगण्य असते. शिवाय तिच्या समीकरणांत मूळ भौतिक गुणांक उघड दिसतात, तर e^(AT) मध्ये ते एकमेकांत मिसळून जातात. कोणती रीती घ्यावयाची हे म्हणून केवळ कालांतराच्या आकड्यावरून ठरवू नये; प्रणाली आंदोलन पावते काय आणि तिचे अवमंदन ωT/२ च्या मानाने किती आहे, हे आधी पहावे.